प्रवेश सुरू आहेत. पण कुणाला आणि कधीपर्यंत?

जानेवारी संपत आला की तालुक्याच्या गावात चौकाचौकांत शाळांचे फ्लेक्स लागतात. त्यांवरचा मजकूर थोड्याफार फरकाने असा असतो:

“शहरातील नामांकित व अग्रगण्य विद्यालयात सन २०२६-२७ साठी इयत्ता पहिलीचे प्रवेश सुरू आहेत! १०० टक्के निकालाची उज्ज्वल परंपरा. तज्ज्ञ व अनुभवी शिक्षकवृंद. डिजिटल क्लासरूम. सर्वांगीण विकासाची हमी. वयाची अट पूर्ण करणाऱ्या पाल्यांना मुलाखतीद्वारे प्रवेश. वाजवी फी. मर्यादित जागा, त्वरा करा! इच्छुक पालकांनी आवश्यक कागदपत्रांसह कार्यालयीन वेळेत संपर्क साधावा.”

हा फ्लेक्स वाचून पालकाला शाळा आवडेलही, पण पुढे करायचे काय ते त्याला कळत नाही. मग तो फोन करतो. शाळेतले लिपिक फेब्रुवारीभर तीच तीन उत्तरे देत बसतात: तुमचा मुलगा वयात बसतो की नाही, फॉर्म कधीपर्यंत मिळेल, येताना काय आणायचे. ही उत्तरे सूचनेतच असती तर निम्मे फोन आले नसते. वरची सूचना खासगी, विनाअनुदानित, पहिलीपासून वर्ग असलेल्या शाळेची आहे असे धरू आणि ती नव्याने लिहून पाहू.

सुरुवात पात्रतेपासून करू, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. “वयाची अट पूर्ण करणाऱ्या” या शब्दांत अट काय ते सांगितलेलेच नाही. काही शाळा “वय वर्षे ६ पूर्ण” एवढे लिहितात, पण ते कोणत्या तारखेला पूर्ण हवे? महाराष्ट्रात पहिलीसाठी ३१ डिसेंबर ही तारीख धरतात. म्हणजे २०२६-२७ च्या पहिलीसाठी मुलाला ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत सहा वर्षे पूर्ण व्हायला हवीत. १२ नोव्हेंबर २०२० ला जन्मलेली मुलगी फेब्रुवारीत सव्वापाच वर्षांची असते. “६ पूर्ण” वाचून तिची आई वर्षभर थांबायचे ठरवते आणि मुलीचे एक वर्ष विनाकारण जाते. उलट ४ जानेवारी २०२१ चा मुलगा चार दिवसांनी चुकतो, तरी त्याचे वडील आशेने फॉर्म नेतात.

म्हणून अट वयात न सांगता जन्मतारखेत सांगावी: “मुलाचा किंवा मुलीचा जन्म ३१ डिसेंबर २०२० रोजी किंवा त्याआधी झालेला असावा.” आता बोटे मोजायला नकोत. घरातला जन्मदाखला काढायचा आणि तारीख ताडून पाहायची. खाली एक उदाहरण दिले तर शंकाच राहत नाही: “१ जानेवारी २०२१ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना यंदा पहिलीत प्रवेश मिळणार नाही.” नाही म्हणायचे असेल तिथे स्पष्ट नाही म्हणावे. त्यात उद्धटपणा नाही, पालकाची एक खेप वाचते.

पात्रतेच्याच ओळीत “मुलाखतीद्वारे” हा शब्द बसला आहे. तो केवळ भाषेचा दोष नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ च्या कलम १३ नुसार प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची चाचणी, मुलाखत घेता येत नाही. पहिल्या वेळी २५ हजार आणि नंतर दर वेळी ५० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. हेच कलम प्रवेशासाठी देणगी घ्यायलाही मनाई करते. अर्ज जास्त आले तर सोडत काढायची, हा सरळ मार्ग. तेव्हा “मुलाखत” काढून “अर्ज जागांपेक्षा जास्त आल्यास सोडत” लिहायचे. शाळेत प्रत्यक्षात मुलाखत होत असेल तर आधी ती पद्धत बदलावी लागेल, नुसता शब्द बदलून भागणार नाही.

“मर्यादित जागा” हेही अर्धे वाक्य आहे. जागा किती? समजा पहिलीच्या दोन तुकड्या आहेत, प्रत्येकी २० मुलांच्या. ४० पैकी २५ टक्के, म्हणजे १० जागा त्याच कायद्याने वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखीव आहेत. त्यांचे अर्ज शाळेत घेतले जात नाहीत, ते शिक्षण विभागाच्या पोर्टलवर ऑनलाइन भरावे लागतात. हे सूचनेत नसेल तर ज्याला त्या जागांची गरज आहे तोच पालक शाळेच्या खिडकीपाशी उभा राहतो आणि तिकडे ऑनलाइन मुदत निघून जाते. म्हणून दोन ओळी लिहायच्या: शाळेत अर्ज घेऊन भरायच्या जागा ३०, आणि राखीव १० जागांचा अर्ज कुठे करायचा.

तारखांकडे वळू. “प्रवेश सुरू आहेत” हे वाक्य जूनमध्येही भिंतीवर तसेच असते. पालकाला चार तारखा हव्या असतात: फॉर्म कधीपासून मिळेल, भरलेला फॉर्म कधीपर्यंत द्यायचा, निवड कधी कळेल आणि फी कधीपर्यंत भरायची. नुसते “अंतिम तारीख २८ फेब्रुवारी” लिहिले तर ती फॉर्म नेण्याची की परत देण्याची, हा प्रश्न राहतोच. त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता कुणी आले आणि शनिवार असल्यामुळे खिडकी एकला बंद झाली असेल, तर वाद ठरलेला. म्हणून तारखेबरोबर वार आणि वेळही लिहावी. वार लिहिण्याचा आणखी एक फायदा म्हणजे तारीख चुकली तर मजकूर तपासतानाच लक्षात येते. मधली सुट्टीही सांगावी. १९ फेब्रुवारीला शिवजयंतीची सुट्टी असते, हे शाळेला ठाऊक असते. पण त्या दिवशी आपल्यालाही सुट्टी म्हणून फॉर्म आणायला निघालेला पालक कुलूप पाहून परत जातो.

संपर्काच्या ओळीत “आवश्यक कागदपत्रे” आणि “कार्यालयीन वेळ” हे दोन शब्दप्रयोग काहीच सांगत नाहीत. कागदांची यादी द्यावी, मूळ कागद फक्त दाखवायचा की झेरॉक्स ठेवून घेणार तेही लिहावे. पहिलीसाठी शाळा सोडल्याचा दाखला लागत नाही, तरी पालक बालवाडीकडे तो मागत फिरतात. एका वाक्याने त्यांची धावपळ थांबते. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे त्याच कायद्याचे कलम १४ सांगते. जन्मदाखला नसलेल्या पालकाला हे कळायला हवे, नाहीतर तो शाळेपर्यंत येणारच नाही. फोन नंबर एकच द्यावा, तो कार्यालयाचा असावा. फ्लेक्सवर संस्थेतल्या दोघा-तिघांचे मोबाइल छापले की पालकाला तीन जण तीन उत्तरे देतात.

राहता राहिले कौतुक. “नामांकित”, “अग्रगण्य”, “उज्ज्वल परंपरा” हे शब्द प्रत्येक शाळेच्या फ्लेक्सवर असतात, त्यामुळे कुणालाच काही सांगत नाहीत. एखादे वाक्य ठेवायचे की काढायचे याची कसोटी सोपी आहे: पालकाला ते स्वतः येऊन तपासता येईल का? “तज्ज्ञ शिक्षकवृंद” तपासता येत नाही, “एका तुकडीत २० मुले” तपासता येते. “डिजिटल क्लासरूम” म्हणजे प्रोजेक्टर असेल तर तो किती वर्गांत आहे ते लिहा. “वाजवी फी” ऐवजी आकडा लिहा, वाजवी की नाही ते पालक ठरवतील. “१०० टक्के निकाल” लिहायचाच असेल तर किती मुले परीक्षेला बसली होती तेही लिहा. बारा मुलांचा शंभर टक्के आणि दीडशे मुलांचा शंभर टक्के यांत फरक आहे. शिवाय पहिलीच्या पालकाला दहावीच्या निकालापेक्षा शाळेची गाडी आपल्या वाडीपर्यंत येते का, याची काळजी जास्त असते. उलट्या बाजूने “आम्ही जाहिरातबाजी करत नाही” असेही लिहू नये. तीही फुशारकीच, फक्त साध्या कपड्यातली.

हे सगळे जमेस धरून सूचना अशी होते. फी, जागा आणि तारखा नमुन्यादाखल आहेत:

“इयत्ता पहिली प्रवेश, शैक्षणिक वर्ष २०२६-२७. माध्यम: सेमी इंग्रजी.

कुणाला अर्ज करता येईल: जन्म ३१ डिसेंबर २०२० रोजी किंवा त्याआधी झालेल्या मुला-मुलींना. त्यानंतर जन्मलेल्यांना यंदा पहिलीत प्रवेश नाही.

जागा: दोन तुकड्या, प्रत्येकी २०. शाळेत अर्ज करून ३० जागा. राखीव २५ टक्क्यांच्या १० जागांसाठी शाळेत अर्ज घेतला जात नाही, तो student.maharashtra.gov.in येथे, तिथे दिलेल्या मुदतीत करावा.

फॉर्म मिळण्याची आणि भरून देण्याची मुदत: सोमवार २ फेब्रुवारी ते शनिवार २८ फेब्रुवारी २०२६. वेळ सोमवार ते शुक्रवार ११ ते ४, शनिवारी ९ ते १. गुरुवार १९ फेब्रुवारीला कार्यालय बंद.

निवड: मुलाखत किंवा परीक्षा नाही. ३० पेक्षा जास्त अर्ज आल्यास शनिवार ७ मार्च रोजी सकाळी ११ वाजता शाळेत पालकांसमोर सोडत. यादी त्याच दिवशी फलकावर.

फी: वर्षाला २४,००० रुपये, तीन हप्त्यांत. पहिला हप्ता शनिवार १४ मार्चपर्यंत. देणगी घेतली जात नाही. रिकाम्या जागांसाठी प्रतीक्षा यादीतील पालकांना १६ मार्चपासून फोन केला जाईल.

सोबत आणा: जन्मदाखला आणि रहिवासाचा पुरावा (मूळ दाखवण्यासाठी, झेरॉक्स देण्यासाठी), मुलाचे दोन फोटो. जन्मदाखला नसल्यास दवाखान्यातील किंवा अंगणवाडीतील नोंद आणा. तीही नसेल तर कार्यालयात भेटा, अर्ज थांबवू नका. शाळा सोडल्याचा दाखला लागत नाही.

संपर्क: प्रवेश खिडकी, शाळेचे कार्यालय. फोन: (कार्यालयाचा एक क्रमांक), वरील वेळेतच.”

हा मजकूर फ्लेक्सवर मावणार नाही, मावूही नये. फ्लेक्सवर इयत्ता, जन्मतारखेची अट, फॉर्मची मुदत आणि फोन एवढेच घ्यावे. पूर्ण सूचना फाटकापाशी मोठ्या अक्षरांत लावावी. व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटोबरोबर टाइप केलेला मजकूरही पाठवावा, कारण चार जणांकडून फिरून आलेल्या फोटोतली तारीख पुसट होते. एखादी तारीख बदलली तर जुन्या कागदावर पेनाने खाडाखोड करू नये. वर “सुधारित सूचना” आणि त्या दिवसाची तारीख घालून नवा कागद लावावा आणि जुना काढून टाकावा.

छापण्याआधी शाळेशी संबंध नसलेल्या एखाद्या माणसाला सूचना वाचायला द्या आणि तीनच प्रश्न विचारा: शेजारची अमुक तारखेला जन्मलेली मुलगी बसते का, फॉर्म परत द्यायची शेवटची वेळ कोणती, सोबत काय न्यायचे? तो अडखळला तर त्याला समजावून सांगत बसू नका, ते वाक्य बदला. आणि प्रवेशाच्या महिन्यात फोनशेजारी एक वही ठेवा. सूचना लावूनही जो प्रश्न पुन्हा पुन्हा येईल तो तिच्यात लिहून ठेवा. पुढच्या वर्षीच्या सूचनेत पहिली दुरुस्ती तिथेच करायची आहे.