जागेच्या थकीत भाड्याची नोटीस : नव्वद दिवसांचा हिशेब

आपल्या व्यवसायबंधूंपैकी पुष्कळ जणांची चिकित्सालये व औषधालये जुन्या वस्तीतील भाड्याच्या जागेत आहेत. भाडे अल्प, मालकाच्या दोन पिढ्या उलटलेल्या, आणि करारपत्र असलेच तर कपाटाच्या तळाशी. अशा जागेवर एखाद्या दिवशी वकिलाच्या कागदावर नोटीस येते, ‘अमुक महिन्यांचे भाडे थकले आहे, ते भरा, अन्यथा भाडेकरार संपुष्टात आला असे समजावे व जागेचा ताबा द्यावा.’ नोटीस वाचून कोणी ताबडतोब सामान बांधण्याची भाषा करतो, तर कोणी कागद घडी घालून गल्ल्यात ठेवतो. आमच्या पाहण्यात दुसरा प्रकार अधिक आणि तोच अधिक घातक आहे.

महाराष्ट्रात हा विषय मुख्यतः महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 याच्या कलम 15 मध्ये येतो. हा अधिनियम 31 मार्च 2000 पासून अंमलात आला. त्यापूर्वीच्या 1947 च्या मुंबई भाडे कायद्यात नोटिशीनंतर एक महिन्याची मुदत होती. आपले ज्येष्ठ वैद्य अद्याप तोच एक महिना सांगतात. आता ही मुदत नव्वद दिवसांची आहे. भाडेकरू योग्य भाडे व अनुज्ञेय वाढ देत असेल, किंवा देण्यास तयार व राजी असेल आणि भाडेकराराच्या अन्य अटी पाळत असेल, तोवर मालकाला ताबा मागता येत नाही, हे या कलमाचे पहिले वाक्य आहे. पुढचे वाक्य असे की, थकबाकीच्या कारणावरून ताब्याचा दावा लावायचा असेल तर मालकाने प्रथम लेखी मागणी करावी आणि ती भाडेकरूस पोहोचल्यानंतर नव्वद दिवस जाऊ द्यावेत. म्हणजे ही नोटीस भाडेकरार संपविण्याचे हत्यार नसून दाव्याची पूर्वअट आहे. भाडे कायद्याखालील जागेसाठी मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाखाली करार संपविण्याची निराळी नोटीस देण्याची आवश्यकता नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1979 साली स्पष्ट केले. त्यामुळे नोटिशीत ‘पंधरा दिवसांत जागा सोडा’ असे लिहिलेले असले तरी घाबरून जाऊ नये. मात्र नव्वद दिवसांचा हिशेब त्याच दिवशी सुरू करावा.

आमच्या परिचयातील पुण्याच्या एका पेठेतील वैद्यबंधूंचे प्रकरण येथे सविस्तर सांगतो. त्यांची नावे व जागेची ओळख आम्ही देत नाही. दुकानाचे भाडे दरमहा 2,400 रुपये. पुढील बाजूस तयार औषधांची विक्री, मागील खोलीत तपासणी व कच्च्या वनस्पतींची साठवण. जून 2023 च्या पावसात मागील भिंतीतून ओल आली, हिरडा व बेहड्याची पोती बुरसली. मालकास तोंडी सांगूनही काही झाले नाही, तेव्हा वैद्यांनी स्वतः भिंतीचे काम करून घेतले, त्यास सुमारे 19,000 रुपये लागले, आणि ‘ही रक्कम फिटेपर्यंत भाडे नाही’ असे ठरवून जुलैपासून भाडे थांबवले. मनुष्यस्वभावास हे अगदी स्वाभाविक आहे. कायद्यास मात्र ते मान्य नाही.

दुरुस्तीविषयी कलम 14 आहे. मालकाने जागा राहण्या-वापरण्याजोगी ठेवली पाहिजे, हे त्यात आहे. आणि तो न करील तर भाडेकरूने किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करावी व खर्च भाड्यातून वळता करावा, हेही आहे. परंतु वर्षातून अशी वजावट त्या वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशापेक्षा अधिक करता येत नाही. आमच्या वैद्यांचे वर्षाचे भाडे 28,800 रुपये, म्हणजे एक-चतुर्थांश 7,200 रुपये. त्यांनी लेखी नोटीस दिलेलीच नव्हती. ती दिली असती तरी दहा महिने भाडे अजिबात न देण्याचा अधिकार त्यांना मिळाला नसता. ओलसर भिंत हे मालकाचे कर्तव्य चुकल्याचे लक्षण आहे, भाडे माफ झाल्याचे नव्हे.

नोटीस 10 मे 2024 रोजीची होती. तीत जुलै 2023 ते एप्रिल 2024 या दहा महिन्यांचे 24,000 रुपये, इमारतीच्या डागडुजीची वर्गणी म्हणून 4,500 रुपये आणि नोटीस फी 3,000 रुपये, अशी एकूण 31,500 रुपयांची मागणी होती. वैद्यांचे पहिले म्हणणे असे की, ‘साडेएकतीस हजार मागितले, खरे तर चोवीस हजारच आहेत, नोटीसच खोटी आहे, उत्तर कशाला द्यायचे?’ आमच्या मते या एका विचाराने अनेक भाडेकरू बुडाले असतील. मालकाने जास्त रक्कम लिहिली म्हणून नोटीस आपोआप निरर्थक होते, असे धरून चालू नये. नोटिशीतील प्रत्येक रक्कम वेगळी करून पाहावी. भाडे व कायद्याने अनुज्ञेय वाढ एवढीच कलम 15 च्या मागणीत मोडते. नोटीस फी ही भाडे नाही. डागडुजीची वर्गणी करारात आहे का, हे पाहावे लागते. जे निर्विवाद देणे आहे ते मुदतीत द्यावे, जे वादग्रस्त आहे त्याचा लेखी प्रतिवाद करावा.

आता मुदत. नव्वद दिवस नोटिशीवरील तारखेपासून मोजत नाहीत, ती पोहोचल्यापासून मोजतात. येथे लिफाफा 14 मे रोजी दुकानी आला. 15 मे हा पहिला दिवस धरला तर मे महिन्याचे 17, जूनचे 30 व जुलैचे 31 मिळून 78 होतात आणि 12 ऑगस्ट रोजी नव्वद भरतात. वैद्यांनी 10 मे पासून मोजून 8 ऑगस्ट ही तारीख लिहून ठेवली होती. ही गणती त्यांच्याविरुद्ध गेली नसती. पण लिफाफा न स्वीकारणारे जे असतात, त्यांची गणती निश्चित विरुद्ध जाते. योग्य पत्त्यावर टपालाने गेलेली नोटीस ‘घेण्यास नकार’ अशा शेऱ्याने परत गेली तरी ती पोहोचली असेच न्यायालय सामान्यतः गृहीत धरते. दुकानातील नोकराने नोटीस घेऊन काउंटरखाली सरकवली, ही सबब उपयोगी पडेल असे मानू नये. 2025 साली नोंदणी टपाल सेवा स्पीड पोस्टात विलीन झाली आहे. तेव्हा पोहोचल्याची नोंद आता त्याच मार्गाने मिळवावी व जपावी.

वैद्य आमच्याकडे जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आले. एव्हाना मेचे भाडेही देय झाले होते, म्हणून अकरा महिन्यांचे 26,400 रुपये धरले. वकिलांच्या सल्ल्याने त्यांनी उत्तरात डागडुजी व नोटीस फी नाकारली, दुरुस्तीच्या खर्चाविषयीचा आपला हक्क राखून ठेवला आणि 25 जून रोजी 26,400 रुपयांचा धनादेश पत्रासह टपालाने पाठवला. मालकाने लिफाफा घेतला नाही. कित्येकदा मालकास पैसे नको असतात, जागा हवी असते, आणि नव्वद दिवस पैसे न येता सरावेत हीच त्याची इच्छा असते. परत आलेला लिफाफा वैद्यांनी न उघडता तसाच ठेवला. ‘देण्यास तयार व राजी’ असल्याचा तो पुरावा आहे. फोडला की त्याचे मोल कमी होते. पुन्हा एक पत्र लिहून मालकाचा बँक खाते क्रमांक मागितला, त्याचे उत्तर आले नाही. घरी जाऊन रोख देऊ नये, कारण पावती न देणारा मालक पुढे पैसे मिळाल्याचे नाकारू शकतो. खरे तर कलम 31 प्रमाणे पावती देणे मालकावर बंधनकारक आहे.

मालकाने 20 सप्टेंबर 2024 रोजी लघुवाद न्यायालयात दावा लावला आणि समन्स 18 नोव्हेंबर रोजी वैद्यांस बजावले गेले. येथे दुसरे नव्वद दिवस सुरू होतात आणि त्यांचे महत्त्व पहिल्या नव्वदांहून थोडेही कमी नाही. समन्स बजावल्यापासून नव्वद दिवसांत देय भाडे व अनुज्ञेय वाढ न्यायालयात भरली, थकबाकीवर दरसाल 15 टक्के सरळ व्याज दिले, पुढे दावा संपेपर्यंत नियमित भाडे भरले आणि न्यायालय सांगेल तो दाव्याचा खर्च दिला, तर थकबाकीच्या कारणावरून ताब्याचा हुकूमनामा होत नाही. ही मुदत 16 फेब्रुवारी 2025 रोजी संपत होती आणि तो रविवार होता. शेवटच्या दिवसाच्या भरवशावर राहू नये, हे सांगायला आम्हास दुसरे उदाहरण शोधावे लागले नाही.

वैद्यांनी 6 जानेवारी 2025 रोजी रक्कम भरली. जुलै 2023 ते डिसेंबर 2024 हे अठरा महिने, दरमहा 2,400 प्रमाणे 43,200 रुपये झाले. दरसाल 15 टक्के म्हणजे दरमहा सव्वा टक्का. 2,400 रुपयांवर महिन्यास 30 रुपये. भाडे महिनाअखेरीस देय धरले तर जुलै 2023 च्या भाड्यावर डिसेंबरअखेर सतरा महिन्यांचे, ऑगस्टच्या भाड्यावर सोळा महिन्यांचे, असे उतरत्या क्रमाने व्याज लागते. सर्व महिने मिळून 153 होतात, त्यांचे व्याज 4,590 रुपये. एकूण 47,790 रुपये. आपण धनादेश पाठविला होता, मग पुढचे व्याज का, असा वाद वैद्यांनी घातला असता. पण साडेचार हजार वाचवण्यासाठी जागा पणास लावू नये, या वकिलांच्या मताशी आम्ही सहमत झालो. वाद निराळा लेखी नोंदवता येतो. कमी पडलेली रक्कम मागाहून भरून काढणे अवघड असते.

खरा घसरण्याचा टप्पा मात्र यापुढचा आहे. पहिली मोठी रक्कम सर्व जण भरतात, नंतरचे दरमहाचे 2,400 विसरतात. ‘नियमित’ या शब्दाचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने 1980 साली मुंबई कायद्याखालील एका प्रकरणात वाजवी वक्तशीरपणा असा लावला. चार महिने थांबून एकदम भरणे त्यात बसणे कठीण. त्यात मे महिन्यात न्यायालयास सुटी असते. म्हणून वैद्यांनी एप्रिल व मेचे भाडे सुटीआधी आगाऊच भरले. त्यांची दरमहाची चलने एका फायलीत क्रमाने लावलेली आहेत. दावा अद्याप चालू आहे.

काही मर्यादा सांगणे अगत्याचे आहे. नव्या इमारतींत जागा बहुधा ‘लीव्ह अँड लायसन्स’ करारावर घेतलेली असते. ती भाडेदारी नसल्याने कलम 15 चे हे कवच तेथे मिळत नाही आणि करारातील नोटिशीची अटच पाहावी लागते. आपल्या औषधनिर्मितीची संस्था एक कोटी रुपये वा अधिक भरणा भांडवलाची कंपनी असेल, तर अधिनियम तिच्या जागेस लागूच नाही. तीन वर्षांपूर्वीचे भाडे दाव्याने वसूल होत नाही, हे खरे. परंतु ताबा वाचवण्यासाठी भरावयाच्या रकमेत मुदतबाह्य भाडेही धरावे लागू शकते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशाच्या कायद्याखाली दिलेला आहे. आपल्याकडे ते कितपत लागू होईल, हे रक्कम भरण्यापूर्वीच वकिलांना विचारावे.

ज्यांची निर्मितीशाळा अशाच भाड्याच्या जागेत आहे, त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. औषधनिर्मितीचा परवाना त्या पत्त्याच्या जागेसाठी असतो. जागा गेली तर खल, भट्टी व यंत्रे उचलून नेता येतात, परवाना येत नाही. नवीन जागेसाठी पुन्हा अर्ज व पाहणी आली, आणि तोवर निर्मिती बंद. अशा बंधूंनी भाड्याच्या पावत्या परवान्याच्या प्रतीजवळच ठेवाव्यात, आणि भाडे कोणत्या महिन्यापर्यंत चुकते झाले आहे ते आजच पाहून घ्यावे.