देऊळ गावातून दिसेल का?

भूगोलाच्या पेपरात समोच्च रेषांचा नकाशा आला की बहुतेक मुलं आधी ओळखीचे आकार शोधतात. एकात एक गोल रेषा दिसल्या की टेकडी, रेषा दाटीने आल्या की तीव्र उतार, इंग्रजी व्हीसारखा कोन दिसला की नदी. एवढ्यावर काही गुण मिळूनही जातात. पण त्याच नकाशावर असा एक प्रश्न विचारता येतो की त्यात प्रमाण, दिशा आणि उठाव हे धड्यातले तिन्ही भाग एकदम कामाला लागतात: टेकडीवरचं देऊळ पायथ्याच्या गावातून दिसेल का? मला हा या धड्यातला सर्वांत चांगला प्रश्न वाटतो. त्याचं उत्तर पाठ करता येत नाही आणि अंदाजाने दिलेलं उत्तर त्यात टिकत नाही.

एक नकाशा डोळ्यांसमोर आणू. प्रमाण १:५०,०००. लगतच्या दोन समोच्च रेषांमध्ये २० मीटर उंचीचा फरक. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या डोंगराळ भागातल्या याच प्रमाणाच्या स्थलदर्शक नकाशांवर साधारणपणे एवढाच फरक असतो, आणि दर पाचवी रेषा जाड छापलेली असते, म्हणजे जाड रेषा १०० मीटरने वाढत जातात. आपल्या नकाशात ‘अ’ हे गाव ६०० मीटरच्या रेषेवर आहे आणि ‘ब’ हे देऊळ टेकडीच्या माथ्यालगत ९०० मीटरच्या रेषेवर. पट्टीने मोजलं तर दोन्हींमध्ये ३ सेंटिमीटर अंतर भरतं. उत्तर दाखवणारा बाण कागदाच्या वरच्या कडेकडे आहे आणि देऊळ गावाच्या वर, उजवीकडे आहे.

दिशेचं उत्तर सोपं दिसतं, पण सर्वांत जास्त चुका तिथेच होतात. ‘अ पासून ब कोणत्या दिशेला आहे?’ याचं उत्तर ईशान्य. ‘अ हे गाव ब च्या कोणत्या दिशेला आहे?’ याचं उत्तर नैर्ऋत्य. ठिकाणं तीच, नकाशा तोच, उत्तर बरोबर उलट. ज्या ठिकाणाच्या नावापुढे ‘पासून’ किंवा ‘च्या’ आलं आहे तिथे बोट ठेवायचं, तिथे एक छोटी अधिक खूण काढायची आणि मग दुसऱ्या ठिकाणाकडे पाहायचं. त्याआधी बाण कुठे वळलेला आहे तेही बघायला हवं, कारण प्रश्नपत्रिकेतला नकाशा कधी कधी मुद्दाम फिरवून दिलेला असतो.

आता प्रमाण. १:५०,००० म्हणजे नकाशावरचा १ सेंटिमीटर जमिनीवर ५०,००० सेंटिमीटर, म्हणजेच ५०० मीटर. म्हणून ३ सेंटिमीटरचे १,५०० मीटर, दीड किलोमीटर. हे अंतर सरळ रेषेतलं आणि सपाट धरलेलं असतं. चढाची तिरकी लांबी काढली तरी ती सुमारे १,५३० मीटर भरते, फरक फक्त तीस मीटरचा. प्रत्यक्षात चालताना अंतर खूप वाढतं ते चढामुळे नव्हे, पायवाट वळणं घेत जाते म्हणून. ते मोजायचं तर पायवाटेवर दोरा ठेवून दोऱ्याची लांबी पट्टीवर मोजावी लागते.

प्रमाणात आणखी एक धोका आहे आणि तो प्रश्नपत्रिका छापणाऱ्यांकडूनच येतो. जागेत बसवण्यासाठी नकाशा लहान केला जातो, पण खाली लिहिलेलं १:५०,००० तसंच राहतं. समजा तो ८० टक्क्यांवर आणला, तर आपलं ३ सेंटिमीटरचं अंतर २.४ सेंटिमीटर होईल आणि प्रामाणिकपणे मोजणारा मुलगा दीड किलोमीटरऐवजी १.२ किलोमीटर लिहील. त्याच नकाशावर रेषाप्रमाण असेल तर ही फसगत होत नाही, कारण नकाशाबरोबर तीही रेषा आखडते. अंक आणि शब्द मात्र आखडत नाहीत. म्हणून दोन्ही प्रमाणं दिलेली असली तर आधी रेषाप्रमाणावर पट्टी ठेवून ती एकमेकांशी जुळतात का ते पाहावं, आणि जुळत नसतील तर रेषाप्रमाणावरच विश्वास ठेवावा.

गाव ते देऊळ उंचीतला फरक ३०० मीटर, अंतर १,५०० मीटर. भागाकार केला की उतार १:५ येतो, म्हणजे पाच मीटर पुढे गेल्यावर एक मीटर चढ. बहुतेक उत्तरपत्रिका इथे थांबतात. पण ही सरासरी आहे आणि ती चढाचा खरा आकार लपवते. नकाशाकडे पुन्हा पाहू. गावापासून पहिल्या दीड सेंटिमीटरमध्ये रेषा साधारण ३ मिलिमीटरच्या अंतराने आहेत आणि त्या दीड सेंटिमीटरच्या शेवटी ७०० मीटरची जाड रेषा येते. पुढच्या दीड सेंटिमीटरमध्ये त्या दाट होतात, दीड दीड मिलिमीटरवर येतात आणि ९०० पर्यंत चढतात. म्हणजे पहिल्या ७५० मीटरमध्ये १०० मीटर चढ आणि नंतरच्या ७५० मीटरमध्ये २०० मीटर. खाली मंद, वर तीव्र. याला अंतर्वक्र उतार म्हणतात.

आता देवळाचा प्रश्न सोडवता येतो. गावातल्या माणसाची नजर ६०० मीटरवरून निघून सरळ रेषेत ९०० मीटरवरच्या देवळाकडे जाते. अर्ध्या वाटेवर ही नजरेची रेषा बरोबर मधल्या उंचीवर, म्हणजे ७५० मीटरवर असते. तिथे जमीन किती उंच आहे? ७०० मीटर. नजर जमिनीच्या ५० मीटर वरून जाते. बाकीच्या वाटेवरही जमीन कुठेच त्या रेषेच्या वर येत नाही. देऊळ दिसतं.

रेषांची मांडणी उलटी केली तर? तेच गाव, तेच देऊळ, तेच दीड किलोमीटर, तोच सरासरी १:५ उतार. फक्त दाट रेषा गावाजवळ आणि विरळ रेषा माथ्याकडे. आता अर्ध्या वाटेवर जमीन ८०० मीटरवर आहे आणि नजर ७५० वर. मधला फुगवटा आड येतो आणि देऊळ दिसत नाही. हा बहिर्वक्र उतार. अशा डोंगरावर चढताना आता माथा आलाच असं वाटतं आणि त्या कडेवर पोहोचल्यावर खरा माथा पुढे दिसतो. तो अनुभव घेतलेल्यांना याचं कारण या आकड्यांत सापडेल.

मध्यभागी एकदा तपासून हा प्रश्न नेहमी सुटेलच असं नाही. मध्ये एखादा उंचवटा असेल तर त्याच्या जागी वेगळी तपासणी करावी लागते. म्हणून आडवा छेद काढणं चांगलं. कागदाची सरळ पट्टी अ आणि ब यांना जोडणाऱ्या रेषेवर ठेवायची, जिथे जिथे समोच्च रेषा तिला छेदते तिथे खूण करून उंची लिहायची, मग आलेखाच्या कागदावर त्या उंचीचे बिंदू काढून जोडायचे. उंचीसाठी १ सेंटिमीटरला १०० मीटर असं प्रमाण घेतलं तर आपली टेकडी ३ सेंटिमीटर उंच येते आणि आडवं अंतरही ३ सेंटिमीटरच राहतं. कागदावर सरासरी चढ ४५ अंशांचा दिसतो. खरा चढ सुमारे ११ अंशांचा आहे. आडवं प्रमाण सेंटिमीटरला ५०० मीटर आणि उभं १०० मीटर, म्हणजे आपण डोंगर पाचपट ताणला. आकार डोळ्यांना कळावा म्हणून तो ताणावाच लागतो, पण छेदाखाली दोन्ही प्रमाणं लिहिली नाहीत तर चित्र खोटं बोलतं. उतार छेदावर कोनमापक लावून कधीच मोजू नये, तो आकड्यांतून काढावा. नजरेच्या प्रश्नाला मात्र या ताणण्याने बाधा येत नाही. जमीन आणि नजरेची रेषा दोन्ही सारख्याच ताणल्या जातात, सरळ रेषा सरळच राहते आणि कोण वर, कोण खाली हे बदलत नाही.

नदी आणि सोंड यांचा गोंधळही आकड्यांनीच मिटतो. रेषांना व्हीसारखा कोन दोन्हीकडे पडतो. कोनाचं टोक जास्त उंचीच्या रेषांकडे असेल तर ती दरी, तिथून ओढा वाहतो. टोक कमी उंचीकडे असेल तर ती डोंगराची सोंड. नुसता आकार पाहिला तर दोन्ही सारखेच दिसतात. ओढा कुठे वाहतो हेही उंचीवरूनच ठरतं. कागदावर वरून खाली तो वाहतो असं कित्येक मुलं गृहीत धरतात आणि उत्तरेकडे वाहणाऱ्या ओढ्याला दक्षिणवाहिनी करून टाकतात.

समान उंचीचे बिंदू जोडून डोंगराचा आकार पाहण्याची एक जुनी आणि प्रसिद्ध हकिकत स्कॉटलंडमधल्या शिहॅलियन डोंगराची आहे. पृथ्वीची घनता काढण्यासाठी १७७४ मध्ये त्या डोंगराची मोजणी झाली. त्यातून उंचीच्या आकड्यांची मोठी रास हाती आली, आणि तिचा हिशोब करणाऱ्या चार्ल्स हटन या गणितज्ञाने सारख्या उंचीचे बिंदू रेषांनी जोडले, तेव्हा डोंगराचा आकार त्याच्यापुढे स्पष्ट झाला. मूळ वस्तू आकडे होती, रेषा नंतर आली.

या रेषांना मर्यादाही आहे. दर २० मीटरला एकच रेषा असल्याने १५ मीटर उंचीचा उंचवटा दोन रेषांच्या मध्ये अदृश्य राहू शकतो. सर्वांत आतली बंद रेषा ९०० ची असेल आणि माथ्याची उंची वेगळी दिलेली नसेल, तर ‘माथा ९०० मीटर’ हे उत्तर चूक. बरोबर उत्तर ‘९०० पेक्षा जास्त, ९२० पेक्षा कमी’. सह्याद्रीत बेसाल्टच्या थरांमुळे पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर आहेत. तिथे रेषांचा जुडगा, मग मोकळी जागा, मग पुन्हा जुडगा असं चित्र दिसतं, आणि सरळसोट कड्यावर रेषा एकमेकींना चिकटतात. अशा ठिकाणी सरासरी उतार काढून काहीच कळत नाही. शिवाय समोच्च रेषा फक्त जमिनीची उंची सांगते. गावापुढची आमराई किंवा दुमजली घर नजरेच्या आड येईल का, हे तिला ठाऊक नसतं.

प्रश्न काढणाऱ्या शिक्षकांना एक विनंती. ‘भूरूप ओळखा’ या प्रश्नाबरोबर ‘कोणत्या रेषांच्या कोणत्या उंचीवरून ओळखलं ते लिहा’ एवढी एक ओळ जोडा आणि गुण त्या ओळीला द्या. आपल्या तालुक्याचा १:५०,००० चा खुल्या मालिकेतला नकाशा भारतीय सर्वेक्षण विभागाकडून घेता येतो. शाळेजवळची एखादी टेकडी त्यावर शोधा, देऊळ दिसेल की नाही याचा हिशोब मुलांकडून वर्गात करवून घ्या आणि मग त्यांना बाहेर नेऊन उत्तर तपासू द्या.