विश्लेषण : कपडे किती वेळ धुवायचे, हे वॉशिंग मशीन कसे ठरवते?

बटण दाबल्यावर वॉशिंग मशीनच्या पडद्यावर ४५ मिनिटे दिसतात आणि थोड्या वेळाने तोच आकडा ३९ होतो. मधल्या काळात मशीनने पाण्याचा अंदाज घेतलेला असतो. अनेक मशीनवर लिहिलेले ‘फझी लॉजिक’ हे शब्द याच पद्धतीचे नाव आहे.

फझी लॉजिक म्हणजे काय?

साध्या यंत्राला हो किंवा नाही एवढेच कळते. मळ ६० गुणांपर्यंत असेल तर ४० मिनिटे आणि त्यापुढे ६० मिनिटे, असा नियम त्याला दिला, तर ६० आणि ६१ गुणांच्या कपड्यांत तब्बल २० मिनिटांचा फरक पडेल. घरात कपडे धुणारी व्यक्ती असा विचार करत नाही. ‘बरेच मळलेत, थोडे तेलकटही आहेत’ असे म्हणून ती अंदाज बांधते. अशा अंदाजाला गणिती रूप देणारी ‘फझी सेट’ ही संकल्पना कॅलिफोर्निया विद्यापीठातील लोत्फी झादेह यांनी १९६५ मध्ये मांडली. लंडनमध्ये इब्राहिम ममदानी यांनी १९७०च्या दशकात तिच्या आधारे छोटे वाफेचे इंजिन चालवून दाखवले. जपानमध्ये १९९०च्या सुमारास ती वॉशिंग मशीनमध्ये आली.

मशीनला मळ कसा दिसतो?

पाण्याच्या वाटेवर एका बाजूला छोटा दिवा आणि समोर प्रकाश मोजणारा सेन्सर असतो. पाणी जितके गढूळ, तितका प्रकाश कमी पोहोचतो. मातीचा मळ पाण्यात लवकर उतरतो, तेलकट मळाला वेळ लागतो. त्यामुळे गढूळपणा किती वेळाने स्थिर झाला, यावरून तेलकटपणाचाही अंदाज येतो.

या आकड्यांचे पुढे काय होते?

उदाहरणादाखल मळ १०० पैकी ६० आणि तेलकटपणा ७० आहे असे समजू. पहिल्या टप्प्यात ‘मेंबरशिप फंक्शन’ म्हणजे एक आलेख वापरला जातो. कोणता आकडा कोणत्या शब्दात किती प्रमाणात बसतो, हे तो सांगतो. आपल्या आलेखात ५० म्हणजे पूर्ण ‘मध्यम’ आणि १०० म्हणजे पूर्ण ‘जास्त’ मळ आहे. म्हणून ६० हा आकडा ०.८ मध्यम आणि ०.२ जास्त ठरतो. त्याचप्रमाणे तेलकटपणा ०.३ कमी आणि ०.७ जास्त निघतो.

नियम कोणते लागतात?

नियम अभियंत्यांनी अनुभवावरून आधीच लिहून ठेवलेले असतात. इथे चार नियम लागू होतात. मळ मध्यम, तेल कमी : २० मिनिटे. मळ मध्यम, तेल जास्त : ४० मिनिटे. मळ जास्त, तेल कमी : ४० मिनिटे. मळ जास्त, तेलही जास्त : ६० मिनिटे. प्रत्येक नियमातील दोन प्रमाणांपैकी लहान प्रमाण हे त्या नियमाचे वजन. त्यामुळे वजने अनुक्रमे ०.३, ०.७, ०.२ आणि ०.२ येतात.

शेवटी एकच वेळ कशी निघते?

मोटरला मिनिटांचा एकच आकडा लागतो. तो काढण्याच्या टप्प्याला ‘डिफझिफिकेशन’ म्हणतात. त्याची सोपी रीत म्हणजे वजनानुसार सरासरी. प्रत्येक नियमाची मिनिटे त्याच्या वजनाने गुणली की बेरीज ५४ येते. वजनांची बेरीज १.४ आहे. ५४ भागिले १.४ म्हणजे साधारण ३८.६, अर्थात ३९ मिनिटे. आता मळ ६१ धरून हेच गणित केले, तर उत्तर सुमारे ३८.९ येते. म्हणजे २० मिनिटांच्या उडीऐवजी फरक फक्त २० सेकंदांच्या आसपास पडतो.

अंदाज चुकतो कधी?

हे गणित सेन्सरवर विसंबून असते. जड पाण्याचा किंवा साबणाचा थर सेन्सरवर बसला, तर स्वच्छ पाणीही त्याला गढूळ वाटते. साबण जास्त पडून फेस झाला, तरी मोजमाप बिघडते. थोडे मळलेले, मोजकेच कपडे टाकूनही मशीन दर वेळी जास्त वेळ लावत असेल, तर सेन्सरवर थर बसल्याची शंका घ्यावी आणि माहितीपुस्तिकेप्रमाणे मशीन आतून स्वच्छ करावे.

‘फझी लॉजिक’ लिहिलेले प्रत्येक मशीन मळ पाहतेच असेही नाही. अनेक टॉप लोड मशीन सुरुवातीला कोरडे कपडे फिरवून मोटरवर किती भार येतो, एवढेच पाहतात आणि त्यावरून पाण्याची पातळी ठरवतात. अशा मशीनमध्ये ओले कपडे टाकले तर भार जास्त वाटून पाणी वाया जाते. पाणी भरू लागल्यावर टाकलेले कपडे त्या हिशेबात येत नाहीत. नवे मशीन घेताना म्हणूनच विक्रेत्याला विचारावे : हे मशीन कपड्यांचा भार मोजते, पाण्याचा गढूळपणा मोजते की दोन्ही?