जे उच्चारलंच जात नाही, ते ऐकायचं कसं?

इंग्रजी वर्तमानपत्र सहज वाचणारा, कार्यालयात इंग्रजीतून पत्रव्यवहार करणारा माणूस इंग्लंड-अमेरिकेतल्या कुणाशी फोनवर बोलायला लागला की पहिल्या दोन वाक्यांतच अडखळतो. मग तक्रार ठरलेली असते : ‘फार भरभर बोलतात हो ही माणसं!’ पण भरभर तर आपणही बोलतो. एसटीचा वाहक थांब्यांची नावं ज्या वेगानं सांगतो, तो वेग आपल्याला कधी जड जात नाही. इंग्रजी ऐकताना अडचण येते ती बहुतेक वेळा वेगानं नव्हे, तर आपण कानात प्राण आणून ज्या आवाजांची वाट पाहत असतो ते आवाज बोलणाऱ्यानं काढलेलेच नसतात म्हणून.

एक साधं वाक्य घेऊ. हॉटेलातला कर्मचारी आपल्या सहकाऱ्याला म्हणतो आहे की, काल रात्रीच स्वागतकक्षात त्याला सांगायला हवं होतंस. पुस्तकी इंग्रजीत ते असं : ‘यू शुड हॅव टोल्ड हिम ॲट द फ्रंट डेस्क लास्ट नाइट.’ आपण शाळेत हे वाक्य एकेक शब्द सुटा करून वाचलेलं असतं. लंडनचा माणूस सहज बोलताना मात्र साधारण असं म्हणतो : ‘य शडव टोल्डिम अट द फ्रन्डेस्क लास्नाइट.’ हे आळशी किंवा अशुद्ध बोलणं नव्हे. तिथला प्राध्यापक आणि वकीलही घरात, कचेरीत असंच बोलतो.

या वाक्यात नेमकं काय घडलं ते पाहू. ‘टोल्ड’, ‘फ्रंट’, ‘डेस्क’, ‘लास्ट’, ‘नाइट’ हे शब्द बातमी देणारे आहेत, म्हणून त्यांच्यावर आघात आला आणि त्यांचे स्वर पूर्ण राहिले. उरलेले ‘यू’, ‘शुड’, ‘हॅव’, ‘ॲट’ हे वाक्य बांधून ठेवणारे शब्द. त्यांच्यावर आघात नाही, त्यामुळे त्यांचा स्वर विरघळून एका आखूड, मधल्या स्वरावर आला. इंग्रजी शब्दकोशात तो उलट्या ‘ई’ अक्षरानं दाखवतात आणि इंग्रजीत सर्वांत जास्त वेळा येणारा स्वर हाच. मराठी माणसाला तो काढायला मुळीच अवघड नाही. आपल्या ‘अ’च्या तो अगदी जवळचा आहे. अडचण एवढीच की इंग्रजी लेखनात तो कुठेच वेगळा दिसत नाही. लिहिताना ‘ए’, ‘ओ’, ‘यू’ अशी निरनिराळी अक्षरं असतात, बोलताना मात्र सगळ्यांच्या जागी ‘अ’. ‘फोटोग्राफ’ या शब्दातला पहिला स्वर पूर्ण आहे, पण ‘फोटोग्राफर’ म्हणताना आघात पुढच्या अक्षरावर सरकतो आणि शब्द ‘फटॉग्रफर’ असा होतो.

देवनागरीवर वाढलेल्या कानाला हे विशेष खटकतं. आपल्याकडे लिहिलेलं अक्षर बहुतांशी उच्चारलं जातं. शब्दाच्या शेवटचा ‘अ’ गळतो हे खरं, पण ते इतकं ठरलेलं आहे की आपल्या लक्षातही येत नाही. म्हणून ‘हॅव’ हा शब्द वाचलेला मराठी माणूस बोलण्यात ‘हॅव’च शोधत राहतो. तो ‘अव’ किंवा नुसता ‘अ’ होऊन निघून गेल्याचा त्याला पत्ताच लागत नाही.

आता ‘टोल्डिम’कडे पाहू. ‘हिम’, ‘हिज’, ‘हर’, ‘ही’ या सर्वनामांतला ‘ह’ वाक्याच्या मध्ये, आघात नसताना, सहसा गळतो. ‘ह’ गेला की शब्द स्वरानं सुरू होतो, आणि आधीच्या शब्दाचं शेवटचं व्यंजन त्या स्वराला जाऊन चिकटतं. ‘टोल्ड’चा ‘ड’ पुढे सरकून ‘डिम’ झाला तो असा. मूळचाच स्वर असेल तर हेच होतं : ‘पिक इट अप’ हे ‘पिकिटप’ असं ऐकू येतं. ऐकणारा मग ‘डिम’ नावाचा शब्द डोक्यात शोधतो, तोवर पुढचं वाक्य संपलेलं असतं.

‘फ्रन्डेस्क’ आणि ‘लास्नाइट’मधला ‘ट’ गेला त्यालाही नियम आहे. शब्दाच्या शेवटी व्यंजनानंतर ‘ट’ किंवा ‘ड’ असेल आणि पुढचा शब्दही व्यंजनानं सुरू होत असेल, तर मधला ‘ट’ किंवा ‘ड’ बहुधा पडतो. ‘नेक्स्ट डे’ हे ‘नेक्स डे’ होतं. पुढे स्वर आला तर मात्र तो टिकतो. ‘लास्ट ऑव्ह ऑल’मधला ‘ट’ स्पष्ट ऐकू येतो. याचा फटका भूतकाळाला बसतो. ‘दे वॉक बॅक’ म्हणजे ते चालत परततात आणि ‘दे वॉक्ट बॅक’ म्हणजे परतले, ही दोन्ही वाक्यं सहज बोलण्यात सारखीच ऐकू येऊ शकतात. मग काळ ओळखायचा तो ‘काल’, ‘दररोज’ असा एखादा शब्द आजूबाजूला आहे का ते पाहून.

इथे कुणी विचारेल, मग त्या लोकांना एकमेकांचं कसं कळतं? १९६०च्या दशकात आयर्विन पोलॅक आणि जे. एम. पिकेट या अमेरिकी संशोधकांनी हेच तपासलं. सहज संभाषणाच्या ध्वनिमुद्रणातून त्यांनी सुटे शब्द कापून काढले आणि ते इंग्रजी मातृभाषा असलेल्यांना ऐकवले. एकटा शब्द ऐकून निम्म्याच्या आसपासच शब्द ओळखू आले. आजूबाजूचे शब्द जोडत गेल्यावर ओळख वाढत गेली. म्हणजे तेही प्रत्येक आवाज ऐकत नाहीत, संदर्भानं भरून काढतात. तिथली मुलं ‘शुड हॅव’च्या जागी सर्रास ‘शुड ऑव्ह’ असं लिहितात आणि शिक्षक वर्षानुवर्षं त्यावर लाल रेघ मारतात. बोलण्यात दोन्ही ‘शडव’च, तेव्हा कानावर विसंबून लिहिणाऱ्याची ही चूक होणारच.

एक शब्द संपून दुसरा कुठे सुरू झाला, हे ते कसं ठरवतात याचंही उत्तर सापडलं आहे. ॲन कटलर आणि डेव्हिड कार्टर यांनी १९८७ साली दाखवलं की इंग्रजी संभाषणातले सुमारे ९० टक्के अर्थवाही शब्द पूर्ण स्वराच्या, ठसठशीत अक्षरानं सुरू होतात. त्यामुळे ऐकणारा नकळत असं धरून चालतो की ठसठशीत अक्षर आलं म्हणजे नवा शब्द सुरू झाला. हा आडाखा कधी फसतो, आणि तो फसतो तेव्हाच त्याचं काम उघड दिसतं. कटलर यांनी एका प्रयोगात ‘कंडक्ट असेंट्स अपहिल’ असे शब्द जेमतेम ऐकू येतील इतक्या हळू आवाजात ऐकवले. एका श्रोत्याला ते ‘द डॉक्टर सेंड्स हर बिल’ असे ऐकू आले. मूळ शब्दांत आघात ‘डक्ट’, ‘सेंट्स’ आणि ‘हिल’वर आहे, आणि श्रोत्यानं नेमके तिथूनच ‘डॉक्टर’, ‘सेंड्स’ आणि ‘बिल’ हे नवे शब्द सुरू केले.

आपल्या दृष्टीनं सगळ्यांत महागात पडणारी जागा मात्र वेगळीच आहे : ‘कॅन’ आणि ‘कान्ट’. इंग्लंडमध्ये नकारातला स्वर लांब ‘आ’ असतो, त्यामुळे तिथे गोंधळ कमी. अमेरिकेत नकारही ‘कॅन्ट’ असाच उच्चारतात आणि त्याचा ‘ट’ घशातच अडवून धरतात, बाहेर फुटू देत नाहीत. मग फरक कशावरून कळतो? स्वरावरून. होकारात, क्रियापदाच्या आधी, ‘कॅन’वर आघात नसतो, म्हणून तो ‘कन’ किंवा नुसता ‘क्न’ होतो : ‘आय कन कम मंडे.’ नकार महत्त्वाचा असल्यानं त्यावर आघात येतो आणि स्वर पूर्ण राहतो : ‘आय कॅन(ट) कम मंडे.’ मराठी माणूस ‘ट’ ऐकू येतो का याची वाट पाहतो आणि तो आला नाही की होकार समजतो. उलट दिशेनंही घोटाळा होतो. आपण शाळेत शिकल्याप्रमाणे स्वच्छ, पूर्ण ‘कॅन’ म्हणतो, आणि पलीकडच्या अमेरिकनाला तो नकार वाटतो. सोमवारच्या बैठकीला एक जण हजर, दुसरा गैरहजर, आणि दोघांनाही वाटतं की आपण स्पष्ट बोललो होतो.

असलं गळणं आपल्याकडे नाही असं नाही. ‘करतो आहेस’चं ‘करतोयस’ आपणच केलं आणि मराठी शिकायला आलेल्या परप्रांतीयाला ते पहिल्यांदा बुचकळ्यात टाकतंच. फक्त आपण ते लिहूही लागलो, त्यामुळे त्याला ते निदान कथा-कादंबरीत सापडतं. इंग्रजीत ‘गोइंग टू’चं ‘गॉना’ असे मोजके अपवाद सोडले तर बोली रूप कागदावर येत नाही.

यावर ध्वनिमुद्रण सावकाश करून ऐकणं हा उपाय बरेच जण करतात. त्यानं विचार करायला थोडा वेळ मिळतो, पण गळलेला ‘ट’ पाऊण वेगातही गळलेलाच असतो. त्यापेक्षा वेगळी रीत धरावी. एखाद्या मुलाखतीचा दहा-पंधरा सेकंदांचा तुकडा घ्यावा. वाचून दाखवलेली बातमी नको, सहज बोलणं हवं, आणि त्याची लिखित प्रत हाताशी असावी. प्रत न पाहता तीन-चारदा ऐकून कानावर येईल ते कागदावर उतरवावं आणि मग प्रतीशी ताडून पाहावं. सुटलेल्या शब्दांखाली रेघ मारली की बहुतेक रेघा ‘ऑव्ह’, ‘टू’, ‘हॅव’, ‘हिम’, ‘अँड’ अशा बारक्या शब्दांखालीच पडलेल्या दिसतील. मग तेच वाक्य मूळ बोलणाऱ्याप्रमाणे ‘अ’ आखूड करून, शब्द जोडून, मोठ्यानं म्हणावं आणि पुन्हा ऐकावं. स्वतःच्या तोंडून ‘टोल्डिम’ निघालं की तो कानालाही ओळखू येऊ लागतो. आपलं रोजचं बोलणं असं करायची गरज नाही. आपली स्पष्ट भारतीय इंग्रजी जगात बहुतेकांना नीट कळते, त्यामुळे हा सराव कानासाठीच करावा.

याची मर्यादाही सांगायला हवी. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचा माणूस आणि अमेरिकेतल्या टेक्ससचा माणूस एकाच तऱ्हेनं शब्द गाळत नाहीत. अमेरिकेत दोन स्वरांमधला ‘ट’ मऊ ‘ड’सारखा होतो आणि ‘वॉटर’चं ‘वॉडर’ ऐकू येतं, तर लंडनच्या बोलीत तोच ‘ट’ घशात अडतो. ज्यांच्याशी रोज काम पडतं त्यांच्या प्रदेशातलंच बोलणं ऐकावं.

आणि ‘कॅन’बद्दल शंका राहिली, तर अंदाजावर सोडू नका. ‘कॅन ऑर कॅनॉट?’ असं पूर्ण शब्दात विचारा. ‘कॅनॉट’मध्ये एक अक्षर जास्त आहे, ते कुणाच्याच तोंडून गळत नाही, आणि अमेरिकन माणसंसुद्धा आपसात हा प्रश्न विचारतात.