भारतातल्या मिक्सरला ब्रिटनचा प्लग

ब्रिटनमध्ये शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्यांच्या सामानात घरचा मिक्सर बऱ्याचदा असतो. दोन्हीकडे वीज 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झची, त्यामुळे मिक्सर तिथे व्यवस्थित चालतो. अडचण प्लगची असते. आपल्या गोल पिना तिथल्या चौकोनी भोकांत जात नाहीत. रोजच्या वापरात सैल अ‍ॅडाप्टर लावत बसण्यापेक्षा तिथला फ्यूजवाला तीन पिनांचा प्लग बसवणे चांगले. असा प्लग हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. त्यावर BS 1363 छापलेले असल्याची खात्री करून घ्या.

मिक्सर बंद करून प्लग सॉकेटमधून काढा आणि जुना प्लग वायरीसकट कापा. कापलेला प्लग तसाच ठेवू नका. एखाद्या मुलाने तो सॉकेटमध्ये खोचला तर उघड्या टोकांत थेट वीज येते. पिना वाकवून तो टाकून द्या.

आता नव्या प्लगचा मधला स्क्रू काढून झाकण उघडा. अर्थची मोठी पिन वर येईल असा तो समोर धरा. फ्यूज उजवीकडे दिसेल. त्या बाजूची पिन फेजची, डावीकडची न्यूट्रलची. वायरीतली तपकिरी तार फेजला, निळी न्यूट्रलला आणि हिरवी-पिवळी अर्थला लावायची. भारतातल्या जुन्या मिक्सरमध्ये लाल, काळी आणि हिरवी तार सापडेल. तेव्हा लाल फेजला, काळी न्यूट्रलला, हिरवी अर्थला. रंग या दोन्ही क्रमांत बसत नसतील तर अंदाज न करता इलेक्ट्रिशियनला दाखवा. फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल झाली तरी मिक्सर चालतो, म्हणून ही चूक लक्षात येत नाही. पण मग मिक्सरचा स्विच न्यूट्रलवर येऊ शकतो आणि स्विच बंद असतानाही आत वीज राहते.

वायरीचे बाहेरचे आवरण साधारण 5 सेंटिमीटर सोला. वायर प्लगमध्ये ठेवून प्रत्येक तार आपल्या स्क्रूपर्यंत कशी जाते ते पाहा आणि मगच जास्तीची लांबी कापा. अर्थची तार बाकी दोघींपेक्षा थोडी सैल, लांब ठेवा. वायर कधी ओढली जाऊन तारा निसटल्याच, तर अर्थ सर्वांत शेवटी निसटावी, हा त्यामागचा हेतू. प्रत्येक तारेचे टोक अर्धा सेंटिमीटरच्या थोडे पुढे सोला, तांब्याचे धागे घट्ट पिळा आणि स्क्रूखाली आवळा. एकही धागा बाहेर डोकावता कामा नये, कारण तो शेजारच्या पिनेला टेकला की शॉर्ट सर्किट होते. टोकांना सोल्डर लावू नका. दाबाखाली सोल्डर हळूहळू चेपते, स्क्रू सैल पडतो आणि सांधा तापू लागतो.

यानंतर कॉर्ड-ग्रिप. काही प्लगमध्ये ती दोन स्क्रूंची पट्टी असते, काहींमध्ये वायर दाबून बसवायचे दोन जबडे. तिच्यात बाहेरचे जाड आवरण धरले गेले पाहिजे. नवशिके नेमके इथे चुकतात. आवरण जास्त सोलले गेले, तर पकडीत नुसत्या रंगीत तारा येतात आणि प्रत्येक हिसका थेट स्क्रूंवर बसतो. असे झाले तर टोके कापून पुन्हा सुरुवात करा.

राहिला फ्यूज. भारतीय घरगुती प्लगमध्ये तो नसतो. ब्रिटनच्या घरांत मात्र बऱ्याच सॉकेटना मिळून एकच 32 अँपिअरचा ब्रेकर असतो, आणि मिक्सरची बारीक वायर तापून वितळू लागली तरी तो पडेलच असे नाही. ती वायर वाचवणे हे प्लगमधल्या फ्यूजचे काम आहे. नव्या प्लगमध्ये बहुतेक वेळा 13 अँपिअरचा, तपकिरी खुणेचा फ्यूज आधीच बसवलेला असतो. तो तसाच ठेवण्याआधी हिशेब करा. 750 वॉटचा मिक्सर असेल तर 750 भागिले 230, म्हणजे सुमारे 3.3 अँपिअर. लाल खुणेचा 3 अँपिअरचा फ्यूज अपुरा पडेल, त्यामुळे 5 अँपिअरचा योग्य. फ्यूजवर BS 1362 हा क्रमांक पाहा. हा फ्यूज माणसाला शॉकपासून वाचवत नाही, हेही लक्षात असू द्या.

झाकण लावण्यापूर्वी प्रत्येक तार हलकेच ओढून पाहा. झाकण लावल्यावर प्लग एका हातात धरून वायर ओढा. ती जागची हलता कामा नये. मग मिक्सर नेहमीसारखा वापरा आणि काम झाले की प्लग काढून त्याला हात लावा. तो गरम लागला तर आतला एखादा स्क्रू सैल आहे किंवा फ्यूज नीट बसलेला नाही. अशा वेळी मिक्सर पुन्हा लावण्याआधी प्लग उघडून दोन्ही तपासा.