कथेतील बालनिवेदकाची भाषा

लहान मुलाच्या तोंडून कथा सांगविण्याचा मोह पुष्कळ लेखकांना होतो; परंतु पहिल्याच पानावर त्यांच्यापुढे एक पेच उभा राहतो. मुलाला बोबडे बोलू द्यावे, तर वाचक कंटाळतो. आणि त्याच्या तोंडी प्रौढांची भाषा घालावी, तर मूल नाहीसे होऊन त्याच्या जागी लेखकच बोलू लागतो. या दोहोंमधून वाट कशी काढावी, हे एका लहानशा उदाहरणाने पाहता येईल.

नऊ वर्षांचा एक मुलगा आहे. त्याच्या वडिलांचे दुकान कर्जात बुडाले असून आईने आपल्या पाटल्या मोडल्या आहेत. ही हकीकत मुलानेच सांगावयाची आहे. एखादा लेखक लिहील, ‘बाबांचं दुकान बुदालं.’ हे सरळच चुकीचे आहे. नऊ वर्षांचे मूल बोबडे बोलत नाही, आणि जे बोलते त्यालाही आपले बोलणे बोबडे ऐकू येत नसते. बोबडेपणा हा मोठ्यांच्या कानाला लागणारा आवाज आहे. तो निवेदनात आला की मुलाकडे कौतुकाने पाहणारे मोठे माणूस मध्ये येऊन बसते. दुसरा लेखक लिहील, ‘घरावर आर्थिक संकट कोसळले व सर्वत्र औदासीन्य पसरले.’ येथे शब्द अवघड आहेत एवढाच दोष नाही. मुलाने काढावयाचा नाही असा निष्कर्ष येथे मुलाने काढला आहे, हा खरा दोष होय.

आता तिसरी रीत पाहावी: ‘आईच्या हातात आज नुसत्या काचेच्या बांगड्या होत्या. पाटल्या कुठं गेल्या म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, घट्ट होत होत्या. मला ते खरं वाटलं, कारण माझे बूटही घट्ट होत होते. पण मग नवे बूट आणतात तशा नव्या पाटल्या आणल्या नाहीत.’

यात एकही शब्द बोबडा नाही आणि एकही शब्द मुलाच्या आवाक्याबाहेरचा नाही. मुलाने फक्त पाहिलेले सांगितले आहे. उपमा त्याने स्वतःच्या बुटांवरून घेतली, आणि तर्कही त्याच्या परीने बिनचूक केला. निष्कर्ष मात्र वाचकाने काढला. मुलाला दिसते पण कळत नाही, आणि वाचकाला न सांगता कळते. या दोहोंतील अंतरातच अशा कथेचे सारे कारुण्य असते. वाक्ये ‘तर’, ‘पण’, ‘मग’, ‘कारण’ यांनी जोडलेली आहेत. ‘तथापि’, ‘ज्यायोगे’ यांना तेथे वाव नाही.

मग मुलाने मोठा शब्द कधीच वापरू नये काय? वापरावा, पण तो कोठे ऐकला हे दिसले पाहिजे. दाराआडून ‘उद्या जप्ती येणार’ हे शब्द कानी पडल्यावर या मुलाला वाटेल, की जप्ती नावाची कोणी बाई येणार, आणि ती निजणार कोठे याची त्याला काळजी पडेल. अर्थ चुकला, पण घरावरचे सावट मात्र त्याने नेमके टिपले. ही युक्ती सबंध कथेत एकदोनदाच शोभते. पानोपानी आली तर विनोदी चुटक्यांची माळ होते. तसेच जे मुलाला खचित ठाऊक असणार, त्याविषयी त्याला अजाण दाखवू नये. घरात भांडण झाले हे नऊ वर्षांच्या मुलाला कळतेच. ते कशावरून झाले, एवढेच कळत नाही.

प्रकाश नारायण संत यांच्या ‘वनवास’ (1994) व पुढील संग्रहांतील लंपन हा या रीतीचा मराठीतील उत्तम नमुना होय. सीमाभागातील या मुलाला ‘मॅडसारखं’ हा एकच शब्द कितीतरी ठिकाणी पुरतो. मुलाचा आवाज उभा करण्यास असा एक लाडका शब्द पुष्कळ होतो. उच्चार बिघडविण्याची गरज पडत नाही. उलट 1935 साली प्रसिद्ध झालेल्या ‘श्यामची आई’मध्ये मोठा झालेला श्याम बालपण आठवून सांगतो, म्हणून तेथे प्रौढ भाषा व उपदेश खटकत नाहीत. ज्या कथेला घडलेल्या गोष्टींचा अर्थ सांगितल्यावाचून गत्यंतर नाही, तिने हीच दुसरी वाट धरावी.

लिहून झाल्यावर परीक्षा सोपी आहे. मजकुरातील ‘दारिद्र्य’, ‘एकाकीपणा’, ‘अगतिकता’ अशी भाववाचक नामे अधोरेखित करावी आणि प्रत्येकापाशी थांबून विचारावे, की हा शब्द या मुलाला कोणी दिला? देणारा कथेत सापडला तर शब्द राहू द्यावा. न सापडला तर तो खोडून, त्या भावनेच्या वेळी मुलाच्या डोळ्यांसमोर कोणती वस्तू होती, ती लिहावी.