एकविसाव्या दिवसाचं इंजेक्शन

‘पोरगी धावते, खेळते, शाळेत जाते. मग इंजेक्शन कशाला?’ घरात ऱ्हुमॅटिक फीव्हर झालेलं मूल असेल, तर हा प्रश्न कधी ना कधी निघतोच. आजार गेला की औषध बंद, हा आपला साधा हिशेब. या इंजेक्शनला मात्र तो लागू पडत नाही, कारण ते झालेल्या आजारावरचं औषधच नाही. ते पुढचा झटका टाळण्यासाठी असतं.

स्ट्रेप्टोकॉकस जंतूमुळे घसा धरतो आणि चार दिवसांत बराही होतो. काही मुलांच्या शरीराची प्रतिकारशक्ती मात्र दोन-तीन आठवड्यांनी बिथरते आणि स्वतःच्याच सांध्यांवर, हृदयाच्या झडपांवर उलटते. सांधे पूर्ण बरे होतात, झडपांवर मात्र व्रण राहू शकतो. एकदा हे झालं की पुढच्या घसादुखीनंतर ते पुन्हा होण्याचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो आणि प्रत्येक झटका झडपेची आणखी नासाडी करतो. म्हणून घशात तो जंतू रुजूच द्यायचा नाही, एवढंच या इंजेक्शनचं काम.

एक उदाहरण घेऊ. आई-वडील हिंजवडीत फेज तीनच्या बांधकामावर, मुलगी 11 वर्षांची, वजन 34 किलो. आधी गुडघा सुजला, तो उतरतोय तोच घोटा सुजला, आणि इकोमध्ये मायट्रल झडपेतून थोडी गळती दिसली. तिला दर 21 दिवसांनी 12 लाख युनिट बेंझाथिन पेनिसिलिन. वजन 27 किलोच्या आत असतं तर डोस निम्मा झाला असता. हृदयाला सौम्य झळ पोहोचली असेल, तर आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञ 10 वर्षं किंवा वयाच्या पंचविशीपर्यंत, यातलं जे उशिरा येईल तोवर इंजेक्शन चालू ठेवायला सांगतात. म्हणजे हिची आणखी 14 वर्षं आणि 240 च्या आसपास इंजेक्शनं. झडप कायमची खराब झाली असती, तर मुदत चाळिशीपर्यंत किंवा जन्मभराची. झडपेचं ऑपरेशन झाल्यावरही इंजेक्शन सुटत नाही, हे बऱ्याच घरांत माहीत नसतं.

‘चार दिवस मागेपुढे झाले तर काय बिघडतं?’ आधी घेतल्याने काही बिघडत नाही, उशीर झाल्याने बिघडतं. स्नायूत दिलेलं हे औषध हळूहळू झिरपतं आणि तिसऱ्या आठवड्यानंतर रक्तातलं त्याचं प्रमाण अपुरं पडू लागतं. समजा हे कुटुंब दिवाळीला गावी गेलं, इंजेक्शनचा सोमवार तिकडेच उलटला आणि परत यायला दोन आठवडे लागले. ते दोन आठवडे मुलगी जवळजवळ उघडीच होती. त्यापेक्षा निघण्याआधीच, अठराव्या दिवशी का होईना, इंजेक्शन घ्यावं आणि पुढचे 21 दिवस तिथून मोजावेत. चुकलंच तर कळेल त्या दिवशी एकच डोस घ्यायचा, दुप्पट नाही. एकवीस दिवसांची एक सोय अशी की वार बदलत नाही. सोमवारचं इंजेक्शन कायम सोमवारीच येतं. हिंजवडीत कामाच्या दिवशी चौकातल्या गर्दीतून दवाखाना गाठणं किती जिकिरीचं, हे सांगायला नको. आठवडी सुट्टीचा वार धरला आणि त्या दिवशी कुठलं केंद्र उघडं असतं ते आधी विचारून ठेवलं, तर निम्मे खाडे तिथेच टळतात. कागदावर तारखा लिहून तो गावीही सोबत न्यावा.

भीती असते ती रिअ‍ॅक्शनची. ती निराधार नाही, पण फार फुगवलेली आहे. 1991 साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात 32,430 इंजेक्शनांमागे तीव्र अ‍ॅलर्जीचे झटके 4 आणि मृत्यू 1 होता. म्हणूनच हे इंजेक्शन अ‍ॅड्रेनॅलिन हाताशी असलेल्या ठिकाणी घ्यावं आणि नंतर अर्धा तास तिथेच बसावं. झडपांचा आजार फार पुढे गेला असेल, धाप लागत असेल, तर इंजेक्शनाऐवजी रोजच्या गोळ्यांचा विचार डॉक्टर करतात. बाकीच्यांसाठी गोळ्या कमी पडतात, कारण त्या रोज दोनदा आठवणीने घ्याव्या लागतात. इंजेक्शन दुखतं मात्र खरंच. पावडर पाण्यात कालवून होणारं ते दाट औषध बारीक सुईत अडकतं. कुपी हातात धरून जरा कोमट केली आणि दोन-तीन मिनिटं घेऊन सावकाश टोचलं, तर दुखणं कमी होतं. नर्सताईंना तसं सांगायला संकोचू नये.

‘इतकी वर्षं घेऊन जंतू औषधाला सरावतील’ हीही शंका असते. हा जंतू पेनिसिलिनला आजवर दाद देत आला आहे.

आता उलटा गैरसमज. अंग दुखतं म्हणून केलेल्या तपासणीत ‘एएसओ’ वाढलेला निघतो आणि आयटीतल्या तिशीच्या माणसालाही हीच इंजेक्शनं सुरू होतात. एएसओ इतकंच सांगतो की हल्लीच स्ट्रेप्टोकॉकसचा संसर्ग होऊन गेला. सांध्यांची सूज, इको, बाकीच्या खुणा जुळल्याशिवाय त्यावरून ऱ्हुमॅटिक फीव्हर ठरत नाही. अशा माणसाने पुढचं इंजेक्शन घेण्याआधी हृदयरोगतज्ज्ञांना रिपोर्ट दाखवावेत. 11 वर्षांच्या त्या मुलीने मात्र कुणाच्या सांगण्यावरून, बरं वाटतंय म्हणून, स्वतःहून थांबू नये.